बिल कोणत्या टेबलावर थांबलंय?

‘कृपया आमचे थकीत पेमेंट लवकरात लवकर करावे, ही नम्र विनंती.’ छोट्या कारखान्यांतून, छापखान्यांतून, पॅकिंगचे खोके बनवणाऱ्यांकडून असे ईमेल रोज जातात. नम्र आहे, चूक काहीच नाही, आणि उपयोगही जवळजवळ काही नाही. समोरच्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये बसलेल्या माणसाकडे असे ढीगभर मेल येतात. कोणते बिल, किती रुपयांचे, कधी द्यायचे होते, आता मी नेमके काय करू, यातले एकही उत्तर त्या ओळीत नाही. ती शोधायची तर त्याला सिस्टीम उघडून तुमचे खाते काढावे लागेल. तो म्हणतो, नंतर बघू. ‘लवकरात लवकर’ला तारीख नसते, त्यामुळे ‘नंतर’लाही नसते.

असे दोन मेल वाया गेले की तिसरा रागाने जातो. ‘वारंवार कळवूनही आपण दुर्लक्ष करत आहात’ अशी त्याची सुरुवात, आणि शेवटी कोर्टाची भाषा. पण वारंवार कळवले ते काय, हे मागे जाऊन पाहिले तर तीच एक ओळ पुन्हा पुन्हा सापडते. मऊ आणि कडक या दोन टोकांमध्ये हेलकावे खाणारा तगादा वसुलीच्या फार कामाचा नसतो.

मुळात बरीच बिले अडतात ती कोणाच्या मनात पैसे बुडवायचे असते म्हणून नव्हे. ती कुठल्या तरी टेबलावर थांबलेली असतात. मध्यम आकाराच्या कंपनीत माल आला की स्टोअर्स तो मोजून घेते आणि माल मिळाल्याची नोंद करते. तिला सगळे जीआरएन म्हणतात. मग क्वालिटीवाले तपासतात. मग परचेसची ऑर्डर, म्हणजे पीओ, ही नोंद आणि तुमचे बिल, हे तिन्ही जुळतात का ते अकाउंट्स पाहते. जुळले तर बिल पास होते आणि पेमेंटच्या पुढच्या तारखेला धरले जाते. कितीतरी कंपन्यांत या तारखा ठरलेल्या असतात, उदाहरणार्थ महिन्याची १० आणि २५. पीओवर दर २९५ आणि बिलावर ३०० असेल, किंवा चलनावर स्टोअर्सचा शिक्का नसेल, तर बिल तिथेच बसते. हे तुम्हाला कळवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तगाद्याच्या मेलचे पहिले काम पैसे मागण्याआधी बिल शोधण्याचे आहे.

एक उदाहरण घेऊ. ते रचलेले आहे, पण असे वर्कशॉप भोसरीत किंवा सातपूरला कुठेही असू शकते. सात-आठ कामगार, मालक स्वतः मशिनवर उभा राहणारा. चाकणच्या एका कंपनीला त्याने १० जूनला ६०० ब्रॅकेट पाठवले. दर ३०० रुपये, म्हणजे १,८०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३२,४००. बिल २,१२,४०० रुपयांचे. पीओवर लिहिले होते, माल मिळाल्यापासून ३० दिवसांत पेमेंट. म्हणजे १० जुलै. ती तारीख उलटली, खात्यात काही आले नाही.

मालकाची घाई कशासाठी, हेही समजून घेतले पाहिजे. जूनमध्ये विकलेल्या मालाचा जीएसटी, मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला, २० जुलैपर्यंत सरकारजमा करायचा असतो. ग्राहकाने पैसे दिले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. स्वतःच्या खरेदीवरचा कर वजा करून उरलेली रक्कम त्याने खिशातून भरायची. थकलेल्या बिलात त्याचा फक्त नफा आणि मजुरी अडकलेली नसते, न मिळालेल्या पैशांवर भरलेला करही अडकलेला असतो.

तीन दिवस थांबून, १३ जुलैला, त्याने पहिला मेल पाठवला. विषयाच्या जागी ‘स्मरणपत्र’ किंवा ‘अत्यंत तातडीचे’ असे काही न लिहिता त्याने लिहिले: ‘बिल क्र. १४७, दि. १० जून, रु. २,१२,४००, देय तारीख १० जुलै’. मेल न उघडताच निम्मे काम झाले. शिवाय चार महिन्यांनी शोधायचा झाला तर बिलाच्या नंबरावर तो लगेच सापडेल.

आत मजकूर असा:

‘नमस्कार मॅडम,

आपल्या पीओ क्र. ५२१८ नुसार १० जून रोजी ६०० ब्रॅकेट पाठवले होते. त्याचे बिल क्र. १४७, रक्कम रु. २,१२,४००, १० जुलै रोजी देय होते. ही रक्कम आज सकाळपर्यंत आमच्या खात्यात जमा झालेली दिसत नाही. बिल, पीओ आणि आपल्या स्टोअर्सच्या सही-शिक्क्याचे चलन सोबत जोडले आहे.

बिल पास झाले आहे का, आणि २५ जुलैच्या पेमेंटमध्ये ते धरले आहे का, एवढे १६ जुलैपर्यंत कळवाल का? काही कागद कमी असल्यास तसे सांगावे, त्याच दिवशी पाठवतो. रक्कम आधीच पाठवली असल्यास यूटीआर क्रमांक आणि तारीख द्यावी, म्हणजे नोंदी जुळवता येतील.

आमचे बँक खाते बिलावर छापलेलेच आहे, त्यात बदल नाही.’

खाली सही, फोन नंबर आणि उद्यम नोंदणी क्रमांक. बस्स.

यात ‘आपण पैसे दिले नाहीत’ असे कुठेही नाही. ‘जमा झालेली दिसत नाही’ असे आहे. मराठीत ही सोय फार चांगली आहे, आणि इथे ती खोटी नम्रताही नाही. पैसे खरेच निघाले असतील आणि दुसऱ्याच खात्यावर गेले असतील, असे होते. ‘हा मेल मिळण्याआधी पेमेंट केले असल्यास दुर्लक्ष करावे’ ही नेहमीची ओळ मात्र त्याने टाळली, ते बरे केले. त्या ओळीने समोरच्याला गप्प बसायची परवानगी मिळते. यूटीआर मागितला की ज्याने पैसे पाठवलेत तो नंबर देतो, आणि ज्याने पाठवले नाहीत त्याला काहीतरी वेगळे लिहावेच लागते.

पैसे कधी देता, असेही त्याने विचारलेले नाही. अकाउंट्समधल्या बाईंना ते ठरवायचा अधिकार नसतो, त्यामुळे त्या प्रश्नाला उत्तर येत नाही. बिल पास झाले का, हे मात्र त्या सिस्टीममध्ये पाहून एका मिनिटात सांगू शकतात. ज्याला विचारतो त्याला देता येईल असेच उत्तर मागावे. परचेसच्या ज्या माणसाने ऑर्डर दिली, त्याला त्याने प्रत पाठवली. त्याच्या साहेबाला पाठवली नाही. पहिल्याच मेलमध्ये वरच्यांना ओढले की खालची माणसे तुमच्या बाजूची राहत नाहीत, आणि बिल शोधणार तर तीच आहेत.

खात्यात बदल नाही, ही शेवटची ओळ काहींना फालतू वाटेल. पण पुरवठादाराच्या नावाने खोटा मेल पाठवायचा, ‘आमचे खाते बदलले आहे, थकलेले पैसे या नव्या खात्यात भरा’ म्हणायचे, ही फसवणूक आता सर्रास चालते. थकबाकीचा मेल हे तिचे आवडते सोंग. त्यामुळे तगाद्याच्या मेलमध्ये नवे खाते कधीच देऊ नये. खरोखर बदलले असेल तर ते वेगळ्या पत्राने आणि फोनवर बोलून कळवावे.

आणखी दोन गोष्टी त्याने लिहिल्या नाहीत. एक, ‘त्रास देतोय, क्षमस्व’. स्वतःच्या कामाचे पैसे मागताना क्षमा कशाची? दोन, ‘कामगारांचे पगार थकलेत, बँकेचा हप्ता आहे’. अडचण खरी असली तरी ती सांगितली की येणे असलेली रक्कम मदतीसारखी दिसू लागते, आणि मदत किती करायची हे देणारा ठरवतो. त्यातून परचेसवाल्याच्या मनात वेगळीच शंका येते, की हा माणूस पुढची ऑर्डर पुरी करू शकेल ना.

१६ जुलै गेला. उत्तर आले नाही. अशा वेळी तोच मेल पुन्हा पाठवण्यात अर्थ नसतो, फोन करावा. फोनवर माणसे जे सांगतात ते मेलवर लिहीत नाहीत. मालकाने २२ जुलैला फोन केला तेव्हा कळले, बिल होल्डवर आहे, कारण क्वालिटीने ४० ब्रॅकेट रिजेक्ट केले आहेत. भोकाचे माप चुकले म्हणे. ६०० पैकी ४० नगांसाठी सगळे बिल थांबले होते आणि दीड महिना कोणी कळवले नव्हते.

इथे बहुतेकांचा तोल जातो. ‘एवढे दिवस का सांगितले नाही?’ असे भांडण फोनवर होते आणि लेखी काहीच उरत नाही. त्याने फोन ठेवल्यावर तासाभरात, आधीच्याच मेलला जोडून, दुसरा मेल लिहिला. नवा मेल सुरू केला नाही, कारण १३ जुलैचा मजकूर आणि जोडलेले कागद खाली दिसत राहणे हाच त्याचा पुरावा होता.

‘नमस्कार मॅडम,

आज फोनवर बोलल्याप्रमाणे, ४० नगांच्या तपासणीमुळे बिल क्र. १४७ थांबवले असल्याचे समजले. या नगांबद्दल आम्हाला याआधी लेखी काही आलेले नाही. तरीही ते आम्ही पाहून घेऊ. तपासणी अहवाल पाठवावा. आमचा माणूस शुक्रवारी येऊन नग बघेल आणि दोष आमचा असेल तर बदलून देऊ.

या ४० नगांची रक्कम करासह रु. १४,१६० होते. उरलेल्या ५६० नगांबद्दल हरकत नसल्याचे आपल्याकडून कळले. त्यांचे रु. १,९८,२४० कृपया २५ जुलैच्या पेमेंटमध्ये सोडावेत. तसे करता येत नसेल तर कोणत्या तारखेला करता येईल, हे उद्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवावे.’

माझ्या मते या तीन मेलमधला हाच सर्वांत महत्त्वाचा. वाद असलेली रक्कम आणि वाद नसलेली रक्कम त्याने वेगळी केली. जोवर दोन्ही एकत्र आहेत तोवर १४ हजारांचे कारण २ लाख अडवून धरते. वेगळी केली की १,९८,२४० थांबवायला कारणच उरत नाही, आणि ‘पाहून घेऊ’ म्हटल्यामुळे पुरवठादार जबाबदारी टाळतोय असेही कोणी म्हणू शकत नाही. आवाज कुठेही चढलेला नाही. आकडा मात्र नेमका आहे.

‘याआधी लेखी काही आलेले नाही’ हे साधे वाटणारे वाक्यही त्याने विचारपूर्वक घातले होते. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या विकासाचा जो २००६ चा कायदा आहे, त्यात माल स्वीकारल्याचा दिवस कसा धरायचा हे सांगितले आहे. मालाबद्दल हरकत असेल तर ग्राहकाने ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवायची. कळवली तर हरकत दूर होईल तो दिवस स्वीकाराचा. कळवली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा. इथे १५ दिवस २५ जूनलाच संपले होते. म्हणजे क्वालिटीवाल्यांच्या वहीत काहीही असो, या कायद्याच्या दृष्टीने मुदत १० जूनपासूनच मोजायची.

याच कायद्यात पेमेंटची मुदतही आहे. लेखी करार नसेल तर स्वीकारापासून १५ दिवस. करार असेल तर त्यात ठरलेली तारीख, पण ती ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही. पीओवर ९० दिवस छापले म्हणून ९० होत नाहीत. मुदत चुकली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर हा दर साडेसोळा टक्के होतो, आणि १,९८,२४० रुपयांवर पहिल्या महिन्याचे व्याज सुमारे २,७२५ रुपये. या संरक्षणासाठी पुरवठादार सूक्ष्म किंवा लघू उद्योग हवा आणि त्याची उद्यम नोंदणी व्यवहाराच्या आधी झालेली असावी. बिल थकल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीवर भिस्त ठेवू नये. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नोंदणी मिळते, पण विलंबाच्या या तरतुदींचा आधार त्याने गृहीत धरू नये. म्हणूनच कायद्याचा उल्लेख करण्याआधी आपण त्यात बसतो का, हे आपल्या सीएला विचारून घ्यावे. न बसणाऱ्याने कायदा दाखवला आणि समोरच्या अकाउंटंटने ते ओळखले, तर पुढच्या सगळ्या मेलचे वजन जाते.

आपला मालक बसत होता. तरी पहिल्या दोन मेलमध्ये त्याने कायद्याचे नाव काढले नाही. फक्त सहीखाली उद्यम क्रमांक दिला. जाणत्या अकाउंटंटला तेवढे पुरते.

२५ जुलै उलटला. तपासणी अहवाल आला, मालकाचा माणूस जाऊन आला, ४० पैकी २८ नगांत दोष खरा निघाला आणि ते बदलून द्यायचे ठरले. पैसे आले नाहीत. २९ जुलैला तिसरा मेल गेला. या वेळी प्रत परचेसच्या प्रमुखालाही.

‘नमस्कार,

बिल क्र. १४७ बाबत १३ आणि २२ जुलैचे मेल खाली आहेत. ४० नगांची पाहणी झाली असून २८ नग ५ ऑगस्टपर्यंत बदलून देत आहोत. उरलेल्या ५६० नगांचे रु. १,९८,२४० मात्र २५ जुलैला मिळालेले नाहीत, आणि पुढची तारीखही कळवलेली नाही.

आम्ही उद्यममध्ये सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेले आहोत. २००६ च्या कायद्यानुसार ११ जुलैपासून या रकमेवर व्याज लागू आहे. रक्कम १० ऑगस्टच्या पेमेंटमध्ये मिळाल्यास आम्ही व्याज मागणार नाही. न मिळाल्यास व्याजाचे पत्रक पाठवू, आणि पीओ क्र. ५३०४ चा माल ही बाकी मिटल्यावर पाठवू.

आपल्याबरोबरचे काम चालू ठेवायची आमची इच्छा आहे. याबद्दल बोलायचे असल्यास मी या नंबरवर दिवसभर उपलब्ध आहे.’

‘कायदेशीर कारवाई करावी लागेल’ हे वाक्य यात नाही. ते सगळेच लिहितात आणि जवळजवळ कोणीच करत नाही, हे घेणाऱ्याला माहीत असते. त्याऐवजी दोन परिणाम लिहिले आहेत, दोन्ही लेखकाच्या स्वतःच्या हातातले, आणि ११ ऑगस्टला तो ते खरोखर करू शकतो. करता येणार नसेल तर लिहू नये. ज्याचा सगळा धंदा त्या एकाच ग्राहकावर आहे त्याने माल थांबवायची भाषा करू नये. त्याने व्याजावरच थांबावे. आणि पीओत माल थांबवल्यास दंड असे कलम आहे का, तेही आधी वाचून घ्यावे.

समोरच्या अकाउंटंटला स्वतःहून काळजी वाटेल अशाही गोष्टी असतात. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर ग्राहकाने त्या बिलावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट त्याला व्याजासह परत करावे लागते. या बिलाचे १८० दिवस ७ डिसेंबरला भरतात, आणि क्रेडिट ३२,४०० रुपयांचे आहे. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरात असा नियम आला की सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे मुदतीपलीकडे थकवलेले पैसे ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्चात धरता येतात. त्यामुळे मार्च जवळ आला की जुनी बिले आपोआप हलू लागतात. जुलैच्या मेलमध्ये हे सगळे घालायची गरज नसते. फेब्रुवारीत जुनी बाकी मागताना एका वाक्यात ते जरूर घालावे.

तिन्ही मेल निष्फळ गेले तर उद्योगाला राज्य सरकारच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. तो केंद्राच्या पोर्टलवरून ऑनलाइन भरायचा असतो. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमले तर लवाद. अर्जासोबत बिल, पीओ, चलन आणि पत्रव्यवहार लागतो. वर दिलेल्या तीन मेलची साखळी तिथे जशीच्या तशी चालते. ‘लवकरात लवकर’वाले मेल जोडून फारसे काही सिद्ध होत नाही, आणि शिव्या असलेले जोडायची आपल्यालाच लाज वाटते. व्हॉट्सॲपवरचे बोलणेही मेलवर एकदा लिहून ठेवावे ते याचसाठी. ग्राहकाने ‘हो, एवढी रक्कम देणे आहे’ असे मुदतीच्या आत लेखी मान्य केले, तर दाव्याची ३ वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. त्यामुळे ‘थोडा वेळ द्या, देतो’ असे उत्तर आले तर नाराज होण्याआधी ते जपून ठेवावे, आणि उलट मेलने रक्कम व तारीख लिहून घ्यावी.

आपल्या उदाहरणात गोष्ट तिथवर गेली नाही. १० ऑगस्टला १,९८,२४० जमा झाले. मालकाने त्याच संध्याकाळी त्याच साखळीत दोन ओळी लिहिल्या: रक्कम मिळाली, आभारी आहोत, व्याजाचा विषय आमच्याकडून संपला, ४० नगांचे रु. १४,१६० बाकी आहेत, बदललेल्या नगांची नोंद झाली की ते २५ ऑगस्टच्या पेमेंटमध्ये धरावेत. नवा पीओ दुसऱ्या दिवशी मशिनवर चढला. त्याच्या बिलावर त्याने या वेळी अकाउंट्सच्या मॅडमचा ईमेल आणि पेमेंटची तारीख ठळक छापून घेतली, आणि माल पोचल्यावर सोळाव्या दिवशी क्वालिटीला एक छोटा मेल टाकला: मालाबद्दल १५ दिवसांत काही हरकत आलेली नाही, तेव्हा बिल पास व्हायला अडचण नसावी.